तुम्ही विचारलंत म्हणून : ‘थांबलो’ म्हणजे कोण थांबलं?

“आजीच्या मालवणी गोष्टी तुम्ही प्रमाण मराठीत आणि इंग्रजीत आणता, तेव्हा नेमकं काय बदलता? शब्दाला शब्द ठेवून भागत नाही का?”

नाही भागत. आणि त्याला कारण अवघड शब्द नाहीत. व्हाळ म्हणजे ओढा, झील म्हणजे मुलगा, कुळार म्हणजे माहेर, हे सिंधुदुर्गातलं कोणीही सांगेल. जुना शब्द अडलाच, तर दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. 1932 ते 1938 या काळात निघालेल्या त्या खंडांमध्ये ‘कु.’ अशी खूण दिसली की शब्द कुडाळी, म्हणजे आपल्या मालवणीचा, असं समजायचं. गोष्ट अडते ती क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराशी. तिथे कोश काही सांगत नाही, आणि मालवणी न बोलणाऱ्याला आपलं काही चुकतंय हे कळतही नाही, कारण चुकीचा अर्थसुद्धा सरळ लागतो.

आजीची एक गोष्ट घेऊन सांगते. ती लग्न होऊन कुडाळकडून लालबागला आली, आजोबा गिरणीत होते, आणि सगळा संसार चाळीतल्या एका खोलीत झाला. गोष्ट मात्र गावच्या व्हाळावरची. रेकॉर्डिंगमध्ये ती अशी सुरू होते:

“ता चेडू एकटाच व्हाळार गेला. तिनसान झालेली. घागर भरल्यान, उचलूक गेला, तर घागर हलना नाय. मागसून इचारल्यान, ‘कोणाचा गो तू?’ म्हटल्यान, ‘वरल्या आवाटातला.’ घागर उचलून दिल्यान. मेरेपर्यंत हाडून सोडल्यान, नि थयच थांबलो.”

पुण्या-नाशिकच्या वाचकाला यात कोण दिसतं? ‘एकटाच गेला’, म्हणजे मुलगा. ‘थांबलो’, म्हणजे सांगणारा ‘मी’. दोन्ही चूक. मालवणीत पुल्लिंगी रूप ओकारान्त असतं, तो इलो, तो गेलो. आणि नपुंसकलिंगी आकारान्त, ता इला, ता गेला. प्रमाण मराठीतलं ‘आलं, गेलं’ तिकडे ‘इला, गेला’ होतं. चेडू म्हणजे मुलगी, आणि चेडू हा शब्द नपुंसकलिंगी आहे. तेव्हा वरच्या उताऱ्यात ‘गेला’ ती मुलगी, आणि ‘थांबलो’ तो दुसरा कोणीतरी. अक्षरं तीच ठेवली, तर मुलीचा मुलगा होतो आणि त्या दुसऱ्याच्या जागी सांगणारीच उभी राहते.

कोणी ‘तां, गेलां’ असं अनुस्वार देऊन लिहितं. मी देत नाही, कारण आजीच्या बोलण्यात तो नाकातला सूर फार पुसट आहे आणि पंख्याच्या आवाजात तर ऐकूच येत नाही. पण ओळख पटायला त्याची गरज नाही. पुरुष असता तर ‘ओ’ आला असता.

आता मधली क्रियापदं पाहा. भरल्यान, इचारल्यान, म्हटल्यान, दिल्यान. या ‘न’मध्ये करणारा बसलेला आहे, पण तो बाई की पुरुष हे त्यातून कळत नाही. तिने भरली तरी भरल्यान, त्याने दिली तरी दिल्यान. आजी सांगते तेव्हा अडचण येत नाही, कारण ‘कोणाचा गो तू’ ती खालच्या, घोगऱ्या आवाजात म्हणते आणि ‘वरल्या आवाटातला’ बारीक आवाजात. कागदावर आवाज नाही. म्हणून पहिल्यांदा उतरवून घेताना मी ओळीसमोर एक रकाना ठेवते, ‘कोणी केलं’, आणि तो रेकॉर्डिंग ऐकत भरते, वाचून नाही.

हा रकाना भरला की पहिला मोह होतो तो सगळीकडे नाव घालण्याचा: ‘देवचाराने विचारलं’, ‘देवचाराने घागर उचलून दिली’. कारण तो देवचार आहे, गावाची राखण करणारा, हे आजीला आणि ऐकणाऱ्यांना ठाऊकच असतं. पण आजी त्याचं नाव एकदाही घेत नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “तेचा नाव तिनसानी घेवचा नाय.” गोष्टीतली वेळ तिनसानीची, म्हणजे गोष्टीतसुद्धा नाव घ्यायचं नाही. ‘तो’ आहे एवढंही कळतं ते अगदी शेवटच्या अक्षराला, ‘थांबलो’ या ओकाराला. तोवर नुसतं कोणीतरी. हे सांभाळायचं, तर प्रमाण मराठीत असं होतं:

“ते पोर एकटंच ओढ्यावर गेलं. तिन्हीसांज झालेली. घागर भरली, उचलायला गेलं, तर घागर हलेना. मागून कोणीतरी विचारलं, ‘कोणाचं गं तू?’ पोर म्हणालं, ‘वरच्या आवाटातलं.’ घागर उचलून दिली गेली. बांधापर्यंत आणून सोडलं, आणि तो तिथेच थांबला.”

‘कोणीतरी’ हा माझा शब्द आहे, आजीचा नाही. पण त्याच्याशिवाय प्रमाण मराठीतलं वाक्य लंगडतं, आणि त्यातून काही फुटतही नाही. ‘उचलून दिली गेली’ एरवी मी कधी लिहिणार नाही, ते कार्यालयीन वाटतं. इथे मात्र करणारा झाकायला तेच बरं पडलं. आवाट म्हणजे वाडीतला घरांचा पुंजका. ‘आळी’ लिहिलं तर वाचकाला पेठ दिसते, म्हणून आवाट तसंच ठेवलं. मेर म्हणजे शेताचा बांध, तिथे शब्द बदलला तरी काही बिघडत नाही.

‘मुलगी’ का नाही आणि ‘पोर’ का, हे पुढच्या भागात कळतं:

“चेडवाचा लगीन झाला. चवथीक ती कुळाराक इली. तिनसानी व्हाळार गेली. मागसून इचारल्यान, ‘कोणाची गो तू?’ म्हटल्यान, ‘वरल्या आवाटातली.’ घागर उचलून दिल्यान.”

ता गेला, ती गेली. लग्न झालं आणि चेडवाची ‘ती’ झाली. विचारणाऱ्याचाही प्रश्न बदलला, कोणाचा गो तू, कोणाची गो तू. आता ती दुसऱ्या घरची आहे, तसं सांगायला हवं. पण ती माहेरचंच आवाट सांगते, आणि तो ते मान्य करून घागर उचलून देतो. गोष्ट एवढीच आहे. एका लिंगाच्या प्रत्ययावर ती उभी आहे. पहिल्या भागात ‘ती मुलगी गेली’ लिहिलं, तर दुसऱ्या भागातलं ‘ती गेली’ हे नुसतं पुन्हा जाणं होतं. ‘ते पोर गेलं’ लिहिलं, तर ‘ती’ आल्याबरोबर वाचकाला बदल जाणवतो. प्रमाण मराठीकडे तिसरं लिंग शिल्लक आहे हे आपलं नशीब.

इंग्रजीत ते मिळत नाही. मुलीला ‘इट’ म्हटलं तर ती वस्तू होते. माझा तोडगा असा: पहिल्या भागात सर्वनाम वापरायचंच नाही. ‘द लिटल वन’ किंवा ‘द चाइल्ड’, नाहीतर वाक्य असं वळवायचं की सर्वनाम लागू नये. गोष्टीतलं पहिलं ‘शी’ येतं ते लग्नानंतर. ‘ही’ फक्त एकदा, शेवटी थांबतो तिथे. हे करायला वेळ लागतो, कारण इंग्रजी पावलोपावली सर्वनाम मागते, आणि लिटल वन, लिटल वन असं फार वेळा आलं की कानाला टोचतं. मग वाक्यं जोडून कमी करावी लागतात.

प्रश्नाचं भाषांतर सगळ्यात जास्त छळलं. पहिला सोपा, ‘हूज लिटल वन आर यू?’ दुसऱ्याला ‘हूज वाइफ’ म्हणावं, तर उत्तर जुळत नाही, शिवाय विचारणाऱ्याने आधीच बाजू घेतल्यासारखं होतं. ‘हूज आर यू नाऊ?’ कानाला चांगलं लागलं, पण ते ‘आता’ आजीने म्हटलेलं नाही, आणि त्यातून सगळं आधीच सांगून टाकल्यासारखं होतं. शेवटी आजीलाच विचारलं, हा नवरा विचारतो की बाप? ती म्हणाली, “तो घर इचारता.” त्यावरून ‘विच हाउस इज युअर्स?’ ठरलं. उत्तर दोन्ही वेळा अक्षरशः तेच ठेवलं, कारण तिकडे बदलला तो फक्त प्रत्यय.

म्हणून माझा एकच नियम कडक आहे: इंग्रजी नेहमी मूळ मालवणीवरून करायचं, माझ्याच प्रमाण मराठीवरून कधी नाही. ‘कोणीतरी’ मी मराठीच्या सोयीसाठी घातलं. इंग्रजीत ‘अ व्हॉइस बिहाइंड आस्क्ट’ म्हणता येतं, त्याची गरज नाही. मराठीवरून केलं असतं, तर ‘समवन’ उगाच आत शिरला असता.

बिघडलंय का, हे पाहायला मी अर्थ विचारत बसत नाही. मराठी रूप शेजारच्या साताऱ्याच्या काकूंना वाचून दाखवते आणि विचारते, घागर कोणी उचलली? त्या क्षणभर थांबून “तो कोण तो, थांबला तो” म्हणाल्या, तर जमलं. पटकन नाव घेतलं, तर मी जास्त सांगितलंय. इंग्रजी रूप भाचीला देते, ती इंग्रजी माध्यमातली आहे, आणि विचारते, मुलगी केवढी आहे? पहिल्या भागानंतर आणि दुसऱ्या भागानंतर उत्तर वेगळं यायला हवं.

मुंबईत राहून हे काम करताना एक अडचण मात्र गावात नसते. गिरणगावात घाटावरच्या, रत्नागिरीच्या शेजारणींबरोबर आयुष्य काढल्याने आजीकडे दोन बोल्या आहेत. आत्याशी बोलताना “मी इलंय”, शेजारणीशी “मी आले”. मी फोन समोर ठेवून बसले की ती मला शेजारणीत धरते. मग ‘ती मुलगी ओढ्यावर गेली’ असं स्वच्छ मराठीत येतं, आणि ज्यावर गोष्ट उभी आहे तो ‘ता’ बोलण्यातूनच निघून जातो. असं रेकॉर्डिंग कितीही स्पष्ट असलं तरी मी त्यावर काम करत नाही. आत्याला बोलावते, आजीसमोर तिला बसवते आणि मी मागे, मोरीच्या बाजूला. आत्या “मगे?” म्हणत हुंकार देते, आणि दोन-तीन वाक्यांत आजी मालवणीवर येते. सुरुवातीची तेवढी वाक्यं पुढे पुन्हा सांगून घ्यावी लागतात, कारण चेडू नेमकं तिथेच पहिल्यांदा येतं.