पाठवणी

त्या रविवारचा उपदेश मी शनिवारी रात्री अर्धा खोडून टाकला. आधी घेतलेलं वचन मत्तय 28 होतं, ‘जा, सर्व राष्ट्रांस शिष्य करा’. मोहिमेच्या रविवारी प्रत्येक पाळक हेच घेतो आणि मंडळी आमेन म्हणून घरी जाते. पण आमच्यातली एकच मुलगी जाणार होती, बाकीचे सगळे राहणार होते. राहणाऱ्यांनी काय करायचं, ते ‘जा’ या शब्दात मला सापडेना.

नाशिकमधली आमची मंडळी सव्वीस कुटुंबांची आहे. बरेचसे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, काही शाळेत, दोघी-तिघी परिचारिका. त्यातलीच एक, एकोणतीस वर्षांची, झारखंडच्या साहिबगंज जिल्ह्यात राजमहलच्या डोंगरातल्या एका छोट्या दवाखान्यात जायला निघाली होती. तिथे पहाडिया लोकांची वस्ती आहे. त्यांची माल्टो ही द्राविडी भाषा, म्हणजे आपल्या मराठी-हिंदीचा तिला फारसा उपयोग नाही, नव्याने शिकावी लागणार. वाळूमाशी चावून होणारा काळा आजार हा त्या भागाचा जुना शत्रू. राहायची सोय दवाखान्याची. महिन्याचा बाकी खर्च सोळा हजार, त्यातले सहा हजार दवाखाना चालवणारा न्यास देणार. उरलेले दहा हजार आम्ही उभे करायचे होते. मंडळीचं एकूण मासिक दान चोवीस हजारांच्या आसपास असतं आणि त्यातून हॉलचं भाडंही जातं.

तर उपदेशासाठी मी तीताला लिहिलेलं पत्र उघडलं. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी पौल सांगतो की जेनास आणि अपुल्लोस यांना वाटेला लाव आणि त्यांना काही उणं पडू देऊ नकोस. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘प्रोपेम्पो’. त्याचा अर्थ नुसतं पाठवणं नाही. सोबत चालत जाऊन, वाटेची तयारी करून देऊन पुढे लावणं, असा आहे. रोमकरांस पत्रात स्पेनला जाताना पौल रोमच्या मंडळीकडून हेच मागतो. मंडळीला मी सांगितलं, ‘आपल्याकडे याला पाठवणी म्हणतात. मुलगी निघते तेव्हा आई रडते, पण रडण्याआधी चार दिवस ती पिशव्या भरत असते. शिदोरी बांधल्याशिवाय आपण कुणाला दारातून हलू देतो का?’

मग शरणपूरची गोष्ट सांगितली. शरणपूर रोडवरून आम्ही रोज जातो, पण त्या नावामागे एक ख्रिस्ती वसाहत होती, हे तरुणांना माहीत नसतं. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे वाढली, शिकली. त्यांच्यातला जेकब वेनराइट 1873 मध्ये मिशनरी आणि शोधप्रवासी लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूच्या वेळी आफ्रिकेच्या आतल्या भागात त्याच्या सोबत्यांमध्ये होता. मृताची नोंद झाडाच्या खोडावर त्याने कोरली आणि प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली. पुढे मोंबासाजवळच्या फ्रीअरटाउन वसाहतीतही शरणपूरची माणसं गेली. मंडळीला वाटतं की मिशन म्हणजे बाहेरून आपल्याकडे आलेली गोष्ट. या गावातून माणसं बाहेरही गेली आहेत, हे त्यांना सांगणं मला गरजेचं वाटलं.

उपदेश संपल्यावर कार्डं वाटली, पण तिथल्या तिथे भरू दिली नाहीत. ‘घरी न्या. नवरा-बायको बोला. किती, आणि किती महिने, ते लिहून पुढच्या रविवारी आणा.’ मंडळीतल्या एका ज्येष्ठ वडीलजनांना हे पटलं नाही. ‘पास्टर, लोखंड तापलंय, आत्ताच घ्या.’ मी नाही म्हणालो. तापलेल्या क्षणी लिहिलेला आकडा चौथ्या महिन्यात गळतो, हे आम्ही एकदा भोगलं होतं.

ज्याच्या बाबतीत भोगलं, तो माणूस त्या दिवशी शेवटच्या रांगेत होता. आठ वर्षांपूर्वी आम्हीच त्याला दूरच्या एका आदिवासी भागात पाठवलं होतं आणि पाचव्या महिन्यापासून पैसे जाणं थांबलं. दीड वर्षाने तो उसनवारी डोक्यावर घेऊन परतला. उपासनेनंतर चहाच्या वेळी तो माझ्यापाशी आला. मी माफी मागायला लागलो तसा त्याने हात धरला. ‘पास्टर, पैसे थांबले याचं एवढं नाही. थांबणार हे कोणी कळवलंच नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला मी पाच किलोमीटर चालून बँकेत जायचो. पासबुक भरून घ्यायचो आणि तसाच परत यायचो.’

मला बोलता येईना. त्याने खिशातून पेन काढलं आणि स्वतःच्या कार्डाच्या तळाशी एक ओळ लिहिली: ‘थांबवायचं झाल्यास दोन महिने आधी कळवेन.’ त्याच संध्याकाळी मी ती ओळ प्रत्येक कुटुंबाला फोन करून त्यांच्या कार्डावर लिहायला सांगितली.

चहाच्याच वेळी डब्याचा व्यवसाय करणाऱ्या मावशी पुढे आल्या. उपदेशात मी मिझोरामचा उल्लेख केला होता. तिथल्या बायका 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्यातून मिशनचं काम चालतं. मावशी म्हणाल्या, ‘आमच्याकडे रोकड नसते, पण तांदूळ रोज शिजतो. मूठ म्हणजे किती?’ काटा मागवला. त्यांनी तांदळाच्या डब्यात हात घातला, मूठ वळली आणि ती रिकामी करताना बोटांना चिकटलेले दाणेही ताटलीत झटकले. पंचावन्न ग्रॅम भरले. दोन वेळचे एकशे दहा, महिन्याचे सव्वातीन किलोच्या वर. चौदा घरांनी होकार दिला, म्हणजे सेहेचाळीस किलो. पंचेचाळीस रुपयांच्या भावाने दोन हजारांहून थोडे जास्त.

अडचण मावशींनीच दाखवली. कुणाकडे कोलम, कुणाकडे इंद्रायणी, कुणाकडे जाडा. एकत्र ओतला तर एक शिजतो, दुसरा कच्चा राहतो आणि मिसळलेला कुणी विकतही घेत नाही. महिनाभर साठवला तर सोंडे पडतात ते वेगळंच. म्हणून ठरलं की प्रत्येक घराचा डबा वेगळा राहील, त्यात कडुनिंबाचा पाला टाकायचा, शेवटच्या रविवारी हॉलवर वजन करायचं आणि ज्याचा त्यानेच भाव भरून परत न्यायचा. मूठ बाजूला काढणं तेवढं उरतं, आणि तेच तर हवं होतं.

पुढच्या रविवारी कार्डं आली. बेरीज आठ हजार चारशे पन्नास झाली. खजिनदार काकांनी चष्मा पुसून सांगितलं की कार्डावरच्या शंभरातले ऐंशीच धरायचे. तसे धरले तर सहा हजार सातशे साठ, अधिक तांदळाचे दोन हजार. बाराशे चाळीस कमी पडत होते. समितीने हॉलची रंगरंगोटी दोन वर्षं पुढे ढकलून त्यातून ते भरायचं ठरवलं. आणखी एक अट घातली: तीन महिन्यांचे तीस हजार मंडळीच्या खात्यात आधी जमा होईपर्यंत तिने निघायचं नाही. तिला उशीर नको होता, तिचा चेहरा उतरला. शेवटच्या रांगेतला तो माणूस तिला म्हणाला, ‘ताई, थांब. माझ्या वेळी हे तीस हजार नव्हते.’

ती अकरा आठवड्यांनी निघाली. आदल्या रविवारी प्रेषितांच्या कृत्यांतल्या अंत्युखियाच्या मंडळीसारखे आम्ही उपास करून जमलो, तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. हात ठेवणाऱ्यांत मावशी होत्या, खजिनदार काका होते आणि तोही होता. नाशिकरोड स्टेशनवर गाडी हलली तेव्हा त्याने खिडकीतून तिच्या हातात एक पोस्टकार्ड दिलं. पत्ता आमच्या हॉलचा होता आणि मजकुराची जागा कोरी होती. ‘पैसे पोचले की फक्त तारीख लिही. नाही पोचले तर तेही लिही,’ तो म्हणाला.