संप रात्री बारानंतर

जर्मन लोकांनी संपालाही टाइमटेबल लावलंय, हे मला २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कळलं. आमच्या कारखान्याच्या फाटकावर आयजी मेटाल युनियनची पोस्टरं होती, कँटीनमध्ये सगळे ७ टक्के वाढीबद्दल बोलत होते, आणि तरी लाइन बिनबोभाट चालू होती. शॉपफ्लोअरवरच्या युनियन प्रतिनिधीला विचारलं, तर तो म्हणाला, "२८ तारखेपर्यंत आम्हाला हलता येत नाही. रात्री बारानंतर बघू." मला वाटलं थट्टा करतोय. पण २८ ऑक्टोबर सरला, बारा वाजले आणि देशात काही ठिकाणी रात्रपाळीचे लोक खरोखरच त्या ठोक्याला मशीन बंद करून बाहेर पडले.

कारण असं, की इथला वेतनकरार म्हणजे दोन्ही बाजूंनी घेतलेलं शांततेचं बंधन. करार चालू असेपर्यंत त्यात ठरलेल्या मुद्द्यांवर संप नाही. आमच्या धातू आणि विद्युत उद्योगाचा करार ३० सप्टेंबरला संपला, पण युनियन आणि मालकसंघ यांच्यातल्या समझोत्यानुसार त्यानंतरही चार आठवडे शांतता पाळायची असते. त्या काळात बोलणी करा, भांडा, पण काम थांबवायचं नाही. बंधन मोडलं तर मालक कोर्टात जाऊन संप थांबवू शकतो आणि युनियनकडून नुकसानभरपाईही मागू शकतो.

गंमत म्हणजे यातलं बरंचसं कुठल्याही संप कायद्यात लिहिलेलं नाही. संविधानाच्या कलम ९ मध्ये संघटना करण्याचा हक्क आहे, बाकीचे नियम कामगार न्यायालयांनी निकालांतून घडवले. संप युनियननेच पुकारलेला हवा, आणि मागणी अशी हवी की जी वेतनकरारात लिहिता येईल: पगार, तास, रजा. सरकारच्या धोरणाविरुद्ध संप केला तर तो बेकायदेशीर. आपल्याकडे अधूनमधून बऱ्याच मध्यवर्ती युनियन मिळून जो भारत बंद करतात, तो इथे कोर्टात एक दिवससुद्धा टिकणार नाही. हे ऐकल्यावर पहिल्यांदाच मला आपल्या बंदबद्दल प्रेम वाटलं. लोकल अडकल्यावर मीही शिव्या दिल्या आहेत, पण निदान सरकारला ओरडून सांगायची सोय तरी होती.

बारानंतर जे सुरू झालं तो इशारा संप. दोनचार तास काम बंद, फाटकाबाहेर भाषण, सॉसेजचा स्टॉल, मग परत. बेमुदत संप हा वेगळा टप्पा. त्याआधी सभासदांचं गुप्त मतदान होतं आणि आयजी मेटालच्या घटनेनुसार ७५ टक्के होकार लागतो. संप थांबवून तडजोड मान्य करायला मात्र २५ टक्के पुरतात. सुरू करणं अवघड, थांबवणं सोपं. यातली हुशारी मला फार उशिरा दिसली, आणि दिसली तेव्हा लालबाग आठवलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा माझे काका तिथेच कामाला होते. डॉ. दत्ता सामंत यांच्यामागे सुमारे अडीच लाख कामगार गेले. पण बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्टप्रमाणे मालकांशी बोलण्याचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडेच होता, मग कामगार कुणाच्याही मागे जावोत. ज्याच्यामागे माणसं होती त्याच्याशी बोलायचं नाही, ज्याच्याशी बोलायचं त्याच्यामागे माणसं नाहीत. संप बेकायदेशीर ठरला, आणि मागे घेतल्याची घोषणाही कधी रीतसर झाली नाही. तो फक्त झिजत गेला. काकी पदरमोड करून दीड वर्ष घर चालवत होती, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

म्हणून इथल्या संपनिधीचा हिशोब मी पुन्हा पुन्हा करून पाहिला. युनियनची वर्गणी पगाराच्या १ टक्का. बेमुदत संपात सभासदत्वाच्या वर्षांनुसार दर आठवड्याला महिन्याच्या वर्गणीच्या १२ ते १४ पट रक्कम मिळते. महिना ४,००० युरो पगार असेल तर वर्गणी ४० युरो, आणि आठवड्याला किमान ४८० युरो हातात. म्हणजे महिन्याला साधारण निम्मा पगार. श्रीमंती नाही, पण भाडं निघतं. इशारा संपाच्या तासांना सहसा काहीच मिळत नाही, तेवढे पैसे कापले जातात. गिरणगावात असला निधी असता तर काय झालं असतं, हा प्रश्न इथल्या कुणाला विचारून उपयोग नाही.

मालकांच्या हातातलं हत्यार म्हणजे टाळेबंदी. तीही इथे कायदेशीर आहे, पण मापात. १९८० मध्ये संघीय कामगार न्यायालयाने म्हटलं, की युनियनने त्या करारक्षेत्रातल्या २५ टक्क्यांहून कमी कामगारांना संपावर नेलं, तर मालकांनी आणखी साधारण २५ टक्क्यांपर्यंतच बाहेर ठेवावं. चारच वर्षांनी, ३५ तासांच्या आठवड्यासाठी झालेल्या संपात या मापाची परीक्षा झाली. युनियनने मोजके सुटे भाग बनवणारे कारखाने बंद केले, म्हणजे थोड्या माणसांत सगळा वाहनउद्योग अडकेल. संपावर पन्नास-साठ हजार, टाळेबंदीत त्याच्या दुपटीहून जास्त. शिवाय दूरच्या राज्यांत सुटे भाग न मिळाल्याने घरी पाठवलेले लाखो. सुमारे सात आठवड्यांनी लवादाने ३८.५ तासांवर तोडगा काढला, पण १९८६ मध्ये सरकारने कायदा बदलला आणि अशा घरी बसवलेल्या बऱ्याच लोकांचा बेकारी भत्ता बंद झाला. तेव्हापासून मोठा संप पुकारायचा तर युनियनला स्वतःच्याच सभासदांचा रोष मोजावा लागतो. जर्मन शिस्तीचं कौतुक करणाऱ्या आपल्या लोकांनी हेही सांगावं.

आमचा २०२४ चा तंटा १२ नोव्हेंबरला हॅम्बुर्गमध्ये मिटला: एप्रिल २०२५ पासून २ टक्के, एप्रिल २०२६ पासून ३.१, वर ६०० युरो एकदाच. मागितले सात, मिळाले दोन हप्त्यांत पाच. दोन आठवड्यांत, एकही लाठी न उगारता. मला हेवा वाटला, हे लपवत नाही.

आता माझं. मी युनियनची सभासद नाही. करार कायद्याने सभासदांनाच लागू असतो, पण आमची कंपनी सगळ्यांना तेच देते, म्हणजे ती वाढ मलाही मिळाली. प्रतिनिधीने एकदा हसत हसत फॉर्म पुढे केला. मी म्हटलं, इथे किती वर्षं राहणार ठाऊक नाही, आईच्या औषधांचे पैसे दर महिन्याला पाठवायचे असतात, १ टक्काही दिसतो. तो म्हणाला, "हे सगळेच म्हणतात." मला राग आला. गिरणी संपाची किंमत आमच्या घराने आधीच मोजली आहे, असं त्याला सांगणार होते, पण जर्मनमध्ये ते वाक्य जुळेना.

आणि इथल्या घड्याळाला नावं ठेवणाऱ्यांनी २१ नोव्हेंबर २०२५ पासून आपल्याकडे लागू झालेली औद्योगिक संबंध संहिता वाचावी. आता कुठल्याही आस्थापनेत संपाआधी १४ दिवसांची नोटीस हवी. नोटीस दिली की समेट अधिकाऱ्याने मध्यस्थी सुरू करायची, आणि मध्यस्थी चालू असताना व नंतर सात दिवस संप करायचा नाही. प्रकरण न्यायाधिकरणात गेलं तर तिथेही बंदी. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संपच. जर्मनीत रात्री बाराला दार उघडतं, हे निदान आधी माहीत असतं. आपल्याकडे उघडायची तारीख कुणी नेमून दिलेलीच नाही.