लाल पेनाने लिहिलेलं "P → F कुठे गेलं?"

डेटाबेसच्या सत्रपरीक्षेचे पेपर पोरांना दाखवून परत घेतले, त्याला दोन दिवस झाले होते. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं कॉलेज तालुक्याच्या गावाला आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मी पोरं घरच्या कामात अडकलेली असतात, त्यामुळे मार्कांवरून वाद घालायला सहसा कोणी येत नाही. मी गठ्ठा कपाटात टाकून मोकळा झालो होतो. रात्री साडेअकराला एका विद्यार्थिनीचा ईमेल आला. विषय: "प्रश्न ४ च्या मार्कांबाबत".

प्रश्न मीच काढला होता आणि पोरांना ओळखीचा वाटावा म्हणून तो कापूस खरेदीचा घेतला होता. एका तक्त्यात पाच रकाने: पावती क्रमांक P, वजन W, शेतकरी क्रमांक F, बँक खाते K आणि गाव G. दिलेल्या फंक्शनल डिपेंडन्सी अशा:

```
P → F    P → W    F → K    K → F    F → G
```

म्हणजे पावतीवरून शेतकरी आणि वजन कळतं. शेतकरी आणि खातं एकमेकांवरून कळतात. शेतकऱ्यावरून गाव कळतं. याचं बीसीएनएफपर्यंत विघटन करायचं, म्हणजे कीशिवाय दुसरं काही कशाला ठरवणार नाही असे छोटे तक्ते पाडायचे. आणि जॉइन लॉसलेस आहे, म्हणजे तक्ते परत जोडले की मूळच्याच ओळी मिळतात, व डिपेंडन्सी टिकल्या आहेत हे दाखवायचं. सहा मार्क.

माझ्या नमुना उत्तरात दोन तक्ते होते, (P, W, F) आणि (F, K, G). तिने लिहिले होते (P, W, K) आणि (K, F, G). मी लाल पेनाने "P → F कुठे गेलं?" असं खरडून दोन मार्क दिले होते. तिच्या तक्त्यांत P आणि F कुठेच एकत्र नाहीत, म्हणजे ती डिपेंडन्सी हरवली, एवढाच माझा हिशोब. शेहेचाळीस पेपर एका बैठकीत तपासताना हिशोब असाच होतो.

ईमेलची सुरुवात "आदरणीय सर" अशी होती आणि पुढे एकही फालतू वाक्य नव्हतं. तिने माझ्याच प्रश्नाला उत्तर दिलं होतं:

"सर, P → F एकाच तक्त्यात दिसलंच पाहिजे असं नाही. दोन्ही तक्त्यांतल्या डिपेंडन्सी एकत्र केल्यावर ते निघालं तरी पुरतं. P → F आणि F → K दिलेलं आहे, म्हणून P → K खरं आहे आणि ते माझ्या पहिल्या तक्त्यात आहे. K → F दुसऱ्या तक्त्यात आहे. P चं क्लोजर काढलं तर आधी W आणि K येतात, मग K वरून F, आणि F वरून G. म्हणजे P → F परत मिळतं. बाकीच्या चारही तक्त्यांतच आहेत. दोन्ही तक्त्यांत समान रकाना K आहे आणि K ही दुसऱ्या तक्त्याची की आहे, म्हणून जॉइन लॉसलेस. पहिल्याची की P. दुसऱ्याच्या दोन कीज, F आणि K. कीशिवाय दुसरं काही डावीकडे येत नाही, म्हणून दोन्ही बीसीएनएफमध्ये आहेत. यात चूक कुठे आहे ते कृपया सांगावे."

मी अंथरुणातून उठून वही घेतली. चूक सापडेना, कारण ती नव्हतीच.

माझी चूक मात्र सरळ होती. डिपेंडन्सी टिकल्या की नाही हे पाहताना मी प्रश्नात छापलेल्या पाच ओळीच एकेका तक्त्यात शोधत होतो. पण तक्त्यावर लागू होतात त्या निष्कर्षाने निघणाऱ्या डिपेंडन्सीसुद्धा. P → K कुठे छापलेलं नाही, म्हणून माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. शिवाय F आणि K एकमेकांना ठरवत असले की मिनिमल कव्हर, म्हणजे बाकी सगळ्या डिपेंडन्सी जिच्यातून निघतात ती किमान यादी, एकच राहत नाही. P → F ठेवा की P → K, दोन्ही संच सारखेच चालतात. ज्या कव्हरवरून निघाल, तसे तक्ते पडतात. हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो, हे सांगायलाही लाज वाटते.

सकाळी गठ्ठा परत काढला. तिच्यासारखंच उत्तर आणखी तिघांचं निघालं. आणि एक पाचवा पेपर होता, ज्यावर मी तोच शेरा लिहून तेवढेच दोन मार्क दिले होते. त्याचे तक्ते होते (P, W, G) आणि (F, K, G). वरवर पाहिलं तर तोच प्रकार, P आणि F एकत्र नाहीत. पण इथे P चं क्लोजर W आणि G वर येऊन थांबतं. गावावरून शेतकरी कळत नाही. P → F खरोखर गेलं, आणि जॉइनही फसतं.

लॅबमध्ये वीज होती तेवढ्यात दोन्ही करून पाहिलं. एकाच गावचे दोन शेतकरी, तीन पावत्या. तिच्या तक्त्यांवर

```sql
SELECT COUNT(*) FROM pavti NATURAL JOIN khate;
```

चालवलं तर तीन ओळी आल्या. त्या पोराच्या तक्त्यांवर सहा, कारण प्रत्येक पावती गावातल्या दोन्ही शेतकऱ्यांच्या नावावर चढली. अर्थात तीनाला तीन आल्याने काही सिद्ध होत नाही. दोन शेतकरी वेगवेगळ्या गावचे घेतले असते तर त्या चुकीच्या उत्तरानेही तीनच ओळी दिल्या असत्या. नमुन्याचा डेटा चूक पकडून देतो, बरोबर असल्याची हमी देत नाही. हमी कीवरूनच मिळते.

चौघांचे मार्क सहा केले. पाचव्याचे दोनच ठेवले, पण शेरा खोडून कारण लिहिलं.

तिला उत्तर लिहिताना मी एक शंका जोडली. शेतकऱ्याने खातं बदललं तर तुझ्या रचनेत जुन्या सगळ्या पावत्यांवरचा K बदलावा लागेल, माझ्या रचनेत एकच ओळ. नॉर्मलायझेशनच्या हिशोबात ही चूक नाही, म्हणून मार्क कापले नाहीत. पण तू K च का धरलास?

दुपारी ती स्टाफरूमच्या दाराशी आली. म्हणाली, "सर, आमच्या घरी पावती आली का बाबा पहिले खाते नंबरच पाहतात. पैसे तिथंच येतात ना." मग जरा थांबून, "पण सर, एक सांगू का? आजीच्या नावावर वेगळं वावर हाय आन् बाबाच्या नावावर वेगळं. खातं मात्र दोघायचं जॉइंट हाय."

म्हणजे शेतकरी क्रमांक दोन, खातं एक. माझ्या प्रश्नातलं K → F तिच्या घरातच खोटं होतं. तिथेच कागद ओढून आम्ही ते खोडलं आणि दोन्ही उत्तरं पुन्हा पाहिली. माझ्या रचनेत F ही दुसऱ्या तक्त्याची की राहते, काही बिघडत नाही. तिच्या रचनेत K ही की उरत नाही. बाबांची एक पावती जॉइन केली की आजीच्याही नावावर येते.

ती कागदाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मंग सर, आता माहे मार्क परत कापसान का?"