"मला वेगळे येतात"

आमच्या मंडळात खो-खो शिकवणारे आम्ही सगळेच बिनपगारी. कोणाचं दुकान, कोणाची शाळा, माझी पतसंस्थेतली नोकरी. ती आटोपून साडेपाचला मैदानावर यायचं. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी मी प्रशिक्षकांसाठी दोन पानी आचारसंहिता लिहून आणली तेव्हा अध्यक्षांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, चष्मा वर करून विचारलं, "पोरी, पगार देत नाही आपण कोणाला, आणि वर सह्या मागायच्या?" सह्या झाल्या. पण बहुतेकांनी न वाचताच केल्या, हे मला तेव्हाही दिसत होतं.

पुढे सांगते त्यातलं गाव, महिना, वयं आणि काही तपशील मी बदलले आहेत. मुलीची ओळख कुठून पटू नये एवढ्यासाठीच.

चौदा वर्षांखालच्या मुलींची स्पर्धा होती, शेजारच्या तालुक्यात. बारा मुली, आम्ही तिघं: मी, व्यवस्थापक म्हणून आलेल्या एका खेळाडूच्या आई, आणि एक सर. सर मुलींचे लाडके. सूर मारून गडी बाद करणं त्यांच्याइतकं चांगलं शिकवणारा आमच्याकडे दुसरा कोणी नव्हता. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला त्यांनी सगळ्यांच्या आधी आणून दिला होता. तो दाखला आजही फाइलमध्ये आहे. त्यात चूक काहीच नाही. आजवर पोलिसांकडे काय नोंदलं गेलं, एवढंच त्यातून कळतं.

स्पर्धेच्या ठिकाणी कपडे बदलायची खोली म्हणजे शाळेचा रिकामा वर्ग. खिडक्यांच्या काचा फुटलेल्या, म्हणून मी घरूनच दोन चादरी आणि कपड्यांचे चिमटे नेते. आमचा नियम असा की मुली आत असताना मोठ्या माणसाने आत थांबायचं नाही, दाराबाहेर पाठ करून उभं राहायचं. ती बाई असावी, आणि व्हरांड्यात दुसरं मोठं माणूस तिला दिसेल इतक्या अंतरावर हवं. आत कोणाचाही फोन नको, मुलींचासुद्धा. फोन एका कापडी पिशवीत आणि पिशवी व्यवस्थापक काकूंकडे. मुलींना याचा फार राग येतो. त्यांना वाटतं हा त्यांच्यावरचा अविश्वास आहे. खरं तर एखादीने गमतीत काढलेला मैत्रिणीचा फोटोही बाहेर गेला की परत आणता येत नाही, हे तेराव्या वर्षी पटत नाही.

पहिला सामना आम्ही जिंकला. मुली वर्गाकडे पळाल्या आणि नेमकं तेव्हाच पंचांनी मला गुणपत्रिकेवर सहीसाठी बोलावलं. काकू दारात होत्या, पण एका मुलीचा गुडघा खरचटला म्हणून त्या पाण्याची बाटली आणायला गेल्या. चार-पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही.

११ वाजून ४० मिनिटांनी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. पुढे चार मुली हात उंचावून, मागे वर्गाचं अर्धवट उघडं दार, आणि आत दोघी अजून तयार होत असलेल्या. पाठवणारे सर. फोटो काढायचं काम त्या दिवशी त्यांच्याकडेच होतं, पण फक्त मैदानावरचे, पूर्ण किटमधले. मी त्यांना बाजूला घेतलं. ते लगेच म्हणाले, "अरे, मागचं लक्षातच आलं नाही ताई, काढतो." मी म्हटलं, ग्रुपवरून काढा, फोनमधूनही काढा. त्यांनी माझ्यासमोर दोन्हीकडून पुसला. मी डायरीत वेळ आणि दोन ओळी लिहिल्या, काकूंना सांगितलं, आणि दुसऱ्या सामन्याच्या तयारीला लागले. नियम मोडला, नोंद झाली, रात्री अण्णांना सांगायचं, इतपतच ती गोष्ट होती. मला तसं वाटलंही.

परतीच्या एसटीत संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास संघातली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. ही एरवी मागच्या बाकावर गाणी म्हणणारी. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग म्हणाली, "ताई, सर काढतात ते सगळे फोटो ग्रुपवर येतात का?"

"का गं?"

"मला वेगळे येतात."

सर आमच्यापुढे तीन बाकांवर होते. डोकं मागे टेकून डुलक्या घेत.

त्या क्षणी मला दहा प्रश्न विचारायचे होते. कधीपासून, किती, काय लिहितात, तुला हात लावला का. हे प्रश्न विचारायचे नाहीत हे मला माहीत होतं, कारण ते मीच त्या दोन पानांत लिहिलं होतं. मूल सांगत असताना आपण उत्तर सुचवणारा प्रश्न विचारला, तर पुढे कोणालाच कळत नाही की ते शब्द मुलाचे की आपले. तरी जीभ आवरणं किती अवघड असतं ते तिथे बसल्यावर कळलं. मी एवढंच म्हटलं, "सांग." मग गप्प बसले.

तिने सांगितलं. दादाचा जुना फोन तिला मिळाला होता. सर रात्री मेसेज करत. आधी खेळाबद्दल, मग 'तू बाकीच्यांसारखी नाहीस', मग नवीन जर्सी घालून फोटो पाठव, आणि 'हे आपल्यातच'. तिने एकदा उत्तर दिलं नाही तेव्हा निवड यादीची आठवण करून दिली. एवढं बोलून ती म्हणाली, "तुम्ही कोणाला सांगणार नाही ना?"

इथे 'नाही सांगणार' असं तोंडातून निसटतंच. मी म्हटलं, "तू मला सांगितलंस ते बरं केलंस. पण हे मला एकटीला ठेवता येणार नाही. ज्यांनी मदत करायची त्यांनाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला कळवेन." ती रडली नाही. तिने विचारलं, "मग मला संघातून काढणार का?" तिला भीती कशाची होती ते मला तेव्हा कळलं.

ती झोपल्यावर मी मोबाइलच्या उजेडात डायरीत लिहून काढलं. तिचे शब्द अवतरणात, जसेच्या तसे, 'वेगळे येतात' सकट. मी काय बोलले तेही. माझं मत एका ओळीतही नाही. सरांशी मी एक शब्द बोलले नाही. आधी जाब विचारला की पहिला परिणाम होतो तो फोनमधलं सगळं साफ होण्याचा, आणि दुसरा, मुलीवर दबाव येण्याचा. स्टँडवर उतरल्यावर नेहमी ते दोन-तीन मुलींना गाडीवरून घरी सोडत. त्या दिवशी मी म्हटलं, "सगळ्यांचे पालक येतायत." काकूंना फक्त एवढंच सांगितलं की एकही मूल एकटं जायला नको, का ते नंतर बोलू.

तिच्या घरी आई-वडिलांसमोर तिनेच पुन्हा थोडक्यात सांगितलं. दादा उठला आणि सरांना फोन लावायला निघाला. त्याला थांबवणं हे त्या रात्रीचं सगळ्यात कठीण काम होतं. मी म्हटलं, फोनमधलं काही पुसू नका, उत्तर देऊ नका, कोणाला पुढे पाठवू नका, फोन आहे तसा आईकडे द्या.

मग अण्णा. रात्री साडेनऊला त्यांच्या ओट्यावर. ते म्हणाले, "आधी त्याला बोलावून विचारू. चूक असेल तर काढून टाकू. पोलीस कशाला, पोरीचंच नाव होईल." अण्णा वाईट माणूस नाहीत. मंडळाचं मैदान वाचवायला त्यांनी कोर्टात खेटे घातले आहेत. पण इथे त्यांचा हिशेब चुकत होता. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ सालचा. त्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असा गुन्हा झाल्याचं माहीत असेल किंवा होईल अशी धास्ती वाटत असेल, तर ते पोलिसांना कळवणं कोणावरही बंधनकारक आहे. पुरावा गोळा करून मग जा, असं त्यात नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाबद्दल लपवलं तर वर्षभरापर्यंत आणि दंड. सद्‌हेतूने दिलेल्या माहितीसाठी देणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही कलम १९ मध्येच आहे.

अण्णा म्हणाले, "पण त्याचा हेतू तसा नसेल तर?"

"नसेलही. ते ठरवायचं काम माझं नाही आणि तुमचंही नाही, अण्णा."

हे मी फार ठामपणे म्हटलं असं आज सांगताना वाटतं. प्रत्यक्षात आवाज कापत होता. या माणसाने माझ्या पुतणीलाही शिकवलं होतं.

सरांना मैदानावर येऊ नका हे सांगायला मात्र हेतू सिद्ध व्हायची गरज नव्हती. मुलांना खाजगी मेसेज करायचा नाही, निरोप पालक असलेल्या ग्रुपवरच द्यायचा, हा नियम त्यांनी सहीने मान्य केला होता, आणि चौकशी होईपर्यंत दूर राहावं लागेल हेही त्यातच होतं. फक्त हा निरोप पोलिसांना विचारून, त्यांनी 'आता सांगा' म्हटल्यावर द्यायचा असं ठरलं.

आम्ही रात्रीच गेलो, मी आणि मुलीचे वडील. मुलगी घरीच. ठाणे अंमलदारांनी आधी 'सकाळी या' म्हणून पाहिलं, पण कलम १९ म्हटल्यावर खुर्ची पुढे सरकवली. माहिती लिहून घेतली, वाचून दाखवली, नोंदीचा क्रमांक दिला. हा क्रमांक मागून घ्यावा. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे, आणि ठाण्यात दाद लागली नसती तर मी तिथे फोन करणार होते.

मग महिला पीएसआय आल्या. माझी डायरी त्यांनी दोनदा वाचली. ११.४० च्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा फोटो कुठे आहे?"

"मी पुसायला लावला."

"फोनमधूनही?"

"हो."

त्या काही बोलल्या नाहीत, पुढचं पान उलटलं. सकाळी मी योग्य केलं असं मला वाटत होतं. आणि एका अर्थाने होतंही. तो फोटो चाळीस घरांत राहायला नको होता. पण ग्रुपवरून काढणं वेगळं आणि ज्याने काढला त्याच्या फोनमधून, माझ्याच हुकमावरून, नाहीसा करणं वेगळं. त्या फोनमध्ये त्या दिवशीचे आणखी कोणते फोटो होते, हे बघण्याचा प्रश्नही माझ्या मनात आला नव्हता. 'लक्षातच आलं नाही' हे मला पुरेसं वाटलं, कारण ते सर होते.

दुसऱ्या दिवशी मॅडम मुलीच्या घरी गेल्या, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब घेताना गणवेश नसतो, आणि ठाण्यात बोलवावं लागत नाही. मूल म्हणेल तिथे. आईने त्यांना पोहे केले. मुलीला वाटलं कोणी पाहुणी आली आहे. मी तिथे थांबले नाही. माझं जे होतं ते मी लिहून दिलं होतं.

पुढचं प्रकरण आता माझ्या हातात नाही आणि त्यावर मी इथे लिहिणार नाही. मंडळात बोलणं उलटसुलट झालं. दोन पालकांनी मुली काढून घेतल्या, एकाने मला विचारलं की चांगल्या माणसाला आयुष्यातून का उठवलंत. ती मुलगी पाच आठवड्यांनी मैदानावर आली. संघात तिचं नाव होतं. यादी आता तिघं मिळून करतात आणि निवडीच्या दिवशीच फलकावर लावतात.

दोन पानांत मी एक बदल केला. नियमबाह्य फोटो दिसला तर आधी पाठवणारा, वेळ आणि ग्रुप डायरीत लिहायचा, मग ॲडमिनने ग्रुपवरून काढायचा, आणि फोटो काढणाऱ्याच्या फोनमधलं काहीही कोणी पुसायला सांगायचं नाही. स्वतःसाठी कॉपी किंवा स्क्रीनशॉट ठेवायचा नाही, 'बघा काय पाठवलंय' म्हणून कोणालाही पुढे धाडायचा नाही. दारावरच्या बाईला हलायचं असेल तर आधी दुसरी येऊन उभी राहील, मगच पहिली जाईल, गुडघा खरचटलेला असला तरी.

पालकांच्या ग्रुपवर त्या दिवशीचं पान वर सरकवलं तर ११.४० च्या जागी मेसेज डिलीट केल्याची करडी ओळ अजून दिसते, आणि तिच्याखाली अकरा पालकांनी जिंकल्याबद्दल पाठवलेल्या टाळ्या.