पानं मोजा म्हणजे नेमकं काय मोजा

रविवार, रात्री साडेनऊ

आज दोन्ही पेपर पार पडले. घसा बसलाय आणि पाय भरून आलेत. तरी झोपण्याआधी हे लिहून ठेवते, कारण गेला आठवडाभर एकच वाक्य डोक्यात घोळत होतं: "प्रश्नपुस्तिकेची पाने मोजून घ्या." पेपर सुरू होण्याआधी पर्यवेक्षकाने वाचायच्या सूचनांमधलं हे वाक्य. मी ते कितीतरी वर्षं वाचत आलेय, आणि ते ऐकून समोरचे काय करतात हे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

गेल्या रविवारची गोष्ट. पेपर अकराचा, दोन तासांचा, शंभर प्रश्न, गोल काळे करायची ओएमआर उत्तरपत्रिका. अकरा चाळीसला तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाचा हात वर झाला. जवळ गेले तर त्याचा चेहरा उतरलेला. म्हणाला, "मॅडम, बत्तीसनंतर एकदम एक्केचाळीस आहे." पुस्तिका हातात घेऊन पाहिली. पृष्ठ १० नंतर थेट पृष्ठ १३. पुढे चाळलं, तर २० नंतर २३. म्हणजे प्रश्न ३३ ते ४० नाहीत आणि ७३ ते ८० सुद्धा नाहीत. शंभरातले सोळा प्रश्न त्याच्या पुस्तिकेत छापून आलेच नव्हते.

त्याहून वाईट पुढे होतं. तो ओळीने सोडवत चालला होता, त्यामुळे बत्तीसनंतर जो प्रश्न समोर आला त्याचं उत्तर त्याने तेहतीसच्या ओळीत भरलं. तीन गोल काळे केल्यावर क्रमांकाकडे लक्ष गेलं. काळ्या बॉलपेनने भरलेला गोल खोडता येत नाही. ते तीन प्रश्न गेले ते गेलेच.

अशी पुस्तिका का निघते, हे मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. ही पुस्तिका मधोमध पिना मारून शिवलेली असते. बत्तीस पृष्ठं म्हणजे आठ मोठे कागद, एकात एक घातलेले आणि मधून दुमडलेले. प्रत्येक कागदावर चार पृष्ठं येतात: दोन पुढच्या अर्ध्यात, दोन मागच्या अर्ध्यात. सगळ्यात बाहेरच्या कागदावर १, २, ३१ आणि ३२. सहाव्या कागदावर ११, १२, २१ आणि २२. कागदाच्या एकाच बाजूला शेजारी येणाऱ्या दोन पृष्ठांची बेरीज नेहमी ३३ येते. बांधणीत एक कागद सुटला की पुस्तिकेला दोन ठिकाणी भोक पडतं, पण पहिलं पान आणि शेवटचं पान जागच्या जागी असतं. एखादा कागद दोनदा शिवला गेला तर तेच उलट घडतं, ११-१२ नंतर पुन्हा ११-१२ येतात.

आणि "पाने मोजून घ्या" म्हटलं की मुलं काय करतात? सरळ शेवटचं पान उलटतात. तिथे ३२ दिसलं की मान डोलावतात. त्या मुलानेही तेच केलं होतं, त्याने मला स्वतः सांगितलं. सदोष पुस्तिका बदलून मिळण्याची मुदत मुखपृष्ठावरच छापलेली असते: सील उघडल्यापासून पाच मिनिटं. त्याने तक्रार केली पंचेचाळीस मिनिटांनी. केंद्रप्रमुखांनी त्यांच्या अधिकारात त्याच संचाची, म्हणजे प्रश्नांचा क्रम तोच असलेली, राखीव पुस्तिका दिली, पण वेळ वाढवून दिला नाही, देता येतही नव्हता. त्या दिवशी मी सूचना भरभर वाचल्या होत्या, कारण हजेरीपट अर्धवट राहिला होता. ही चूक माझी आहे आणि ती मी माझ्या नावावर ठेवते.

आज सकाळी साडेनऊला केंद्रप्रमुखांना भेटले. सूचनांचा मजकूर छापील असतो, त्यातला शब्द बदलायची परवानगी नाही आणि ते बरोबरच आहे. प्रत्येक खोलीत वेगळं ऐकू आलं तर उद्या तक्रारीला जागा राहते. मी विचारलं, "सर, वाचून झाल्यावर तेच समजावून सांगितलं तर चालेल का?" म्हणाले, "मजकूर जसाच्या तसा वाचा. मग तोच अर्थ पुन्हा सांगायला हरकत नाही. नवीन नियम मात्र जोडू नका." एवढं पुरे होतं.

मजकूर काय वाचायचा याइतकाच तो कधी वाचायचा हाही प्रश्न असतो. पाकीट फोडून पुस्तिका वाटल्या आणि मग "सील तपासा" म्हटलं, तर उशीर झालेला असतो. हातात नवी पुस्तिका आली की बोटं आपोआप सीलखाली जातात. म्हणून आज पाकिटाला हात लावण्याआधी उभी राहिले आणि सीलबद्दलचं सगळं वाचून घेतलं. नंतर दोन उमेदवारांना बोलावून पाकीट दाखवलं, बंद असल्याच्या त्यांच्या सह्या घेतल्या आणि मगच फोडलं. दहा पन्नासला वाटप सुरू.

सील तपासा म्हणजे काय, हेही सांगितलं. पुस्तिकेच्या उघड्या कडेवर चिकटवलेली कागदी पट्टी दोन्ही बाजूंना पूर्ण चिकटलेली हवी. फाटलेली, सुटलेली किंवा एकावर एक अशी दोन चिकटवलेली दिसली, तर पुस्तिका घ्यायचीच नाही, लगेच हात वर करायचा. आज एक निघाली. चौथ्या बाकावरच्या मुलीने दाखवली, पट्टीची खालची बाजू सुटलेली होती. मी उजेडात धरून पाहिली. मुद्दाम सोडवलेल्या पट्टीखाली बहुतेक वेळा मुखपृष्ठाचे तंतू उपटलेले दिसतात, कागद खरवडल्यासारखा होतो. इथे कागद गुळगुळीत होता आणि डिंकाचा सुकलेला पातळ पापुद्रा होता. माझ्या मते डिंक धरला नव्हता, एवढंच. पण ते ठरवणं माझं काम नव्हे. पुस्तिका बाजूला ठेवली, वरच्या कार्यालयात कळवलं आणि राखीवमधून दुसरी मागवली.

दुसरी देताना संच तोच आहे ना, हे दोनदा पाहिलं. तिच्या उत्तरपत्रिकेवर बी संचाचा गोल आधीच भरलेला होता. घाईत सी संचाची पुस्तिका हाती गेली असती, तर तिची सगळी बरोबर उत्तरं भलत्याच उत्तरतालिकेने तपासली गेली असती, आणि ते खोलीत कुणाच्या लक्षातही आलं नसतं. नव्या पुस्तिकेचा अनुक्रमांक वेगळा, म्हणून हजेरीपटावरचा जुना क्रमांक एका रेघेने खोडून नवा लिहिला, तिची सही घेतली, माझी केली.

वर्तनाचे नियम मी थोडक्यात वाचते. मोबाइल, घड्याळ, चिठ्ठी, शेजाऱ्याशी बोलणं, हे सगळ्यांना पाठ असतं आणि धमकावल्यासारखा आवाज काढला की समोरचे घाबरे अधिक घाबरतात. एका वाक्यापाशी मात्र मी थांबते: "चुकून काही जवळ राहिलं असेल तर आत्ता आणून द्या." वाचून झाल्यावर चांगले दहा-पंधरा सेकंद गप्प राहते. लगेच पुढे गेलं तर कुणी उठत नाही. आज त्या शांततेत एकजण उठला आणि पैशांच्या पाकिटात विसरलेली सूत्रांची चिठ्ठी देऊन गेला. पेपर सुरू झाल्यावर तीच सापडली असती तर गैरप्रकाराचा अहवाल लिहावा लागला असता.

आता घंटा. आमच्याकडे दहा पंचावन्नला एक होते, ती सील उघडायची. अकराला दुसरी, ती लिहायला सुरुवात करायची. दोन्ही ऐकायला सारख्याच, म्हणून पहिलीलाच कुणी ना कुणी गोल भरायला लागतो. आज आधीच सांगितलं: "पहिल्या घंटेला पेन बाकावरच राहील. सील उघडा, पृष्ठं तपासा, लिहू नका." आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, सुरुवात ११:००, शेवट १:००. मग प्रत्येक अर्ध्या तासाला एक टोल, दहा मिनिटं उरली की दोन टोल, शेवटी लांब घंटा. दोन टोल कशासाठी, हेही सांगते. भरायचे राहिलेले गोल तेव्हा भरून घ्यायचे असतात. काहीजण पुस्तिकेतच खुणा करत जातात आणि उत्तरपत्रिका शेवटावर ठेवतात. लांब घंटेनंतर एकही गोल भरू देता येत नाही.

पहिली घंटा झाली. चोवीस सील फाटल्याचा आवाज एकदम आला. मी छापील वाक्य वाचलं, "पाने मोजून घ्या," आणि त्यामागोमाग सावकाश म्हटलं, "शेवटचं पान बघून थांबू नका. प्रत्येक पृष्ठावरचा छापील क्रमांक एकापासून बत्तीसपर्यंत ओळीने बघत जा. मधला एकही सुटलेला नको, एकही दोनदा आलेला नको." खोलीभर पानं एका लयीत उलटू लागली. मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हात. "मॅडम, माझ्याकडे सोळाच आहेत." क्षणभर पोटात गोळा आला. जाऊन पाहिलं तर पुस्तिका पूर्ण होती. त्याने पानं मोजली होती आणि मुखपृष्ठावर लिहिलं होतं, एकूण पृष्ठे ३२. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. एका पानाला दोन बाजू, दोन पृष्ठं. आपण बोलताना दोन्हीला पानच म्हणतो आणि छापील सूचनेतही तेच आहे. मुखपृष्ठावर पृष्ठे, सूचनेत पाने. हा घोळ आजवर माझ्या ध्यानात आला नव्हता. दुपारच्या पेपरला समजावताना मी पान हा शब्दच टाळला, नुसतं "छापील क्रमांक" म्हणाले, आणि एकही हात वर आला नाही. अहवालाच्या शेऱ्यात लिहून दिलंय की सूचनेतल्या "पाने"ऐवजी "पृष्ठे" छापावं. केंद्रप्रमुख पुढे पाठवतो म्हणालेत.

मध्यावर एक टोल झाला तेव्हा मुद्दाम रांगांमधून फिरले. गेल्या रविवारचा तो मुलगा ज्या जागी होता तिथे आज कुणी दुसरी मुलगी होती, एक्केचाळिसाव्या प्रश्नावर. मागचं पान उलटून तिने काहीतरी पुन्हा पाहिलं. तिथे ३३ ते ३६ होते.

पुढच्या रविवारी ब्लॉक बदलतोय. ती खोली आज पाहून आले. घड्याळ दाराच्या वर आहे, म्हणजे बसलेल्या सगळ्यांच्या पाठीमागे. दर अर्ध्या तासाला फळ्यावर उरलेला वेळ लिहावा लागेल. खडूचे दोन तुकडे पिशवीत टाकून ठेवलेत.