शेवटचा ट्रक

आमच्या ऑफिसात जीएसटीच्या कामाला नवीन माणूस घ्यायचा असला की मी व्याख्या विचारत बसत नाही. कुठल्यातरी क्लायंटचं खरं बिल घ्यायचं, नावं काळ्या पेनने खोडायची, झेरॉक्स काढायची आणि खाली चार ओळींचा प्रश्न लिहायचा, बस. व्याख्या सगळ्यांना पाठ असतात पण बिल हातात दिलं की कळतं माणूस कागद वाचतो का नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात दिलेला कागद असा होता. परराज्यातल्या विक्रेत्याचं २८ मार्च २०२५ चं बिल, पॅकिंग मशीन, किंमत ८,००,००० आणि त्यावर १८ टक्के आयजीएसटी म्हणजे १,४४,०००. बिल हातात आहे, मार्चच्या टूबीत, म्हणजे विक्रेत्यांनी टाकलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीत, दिसतंय, विक्रेत्याने त्याचा थ्रीबी, म्हणजे महिन्याचा जीएसटी रिटर्न, भरलाय, आणि आपण बिलाचे अर्धे पैसे दिलेत. मार्चच्या थ्रीबीत क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या टॅक्सची वजावट, किती घ्याल?

यात मी मुद्दाम ठेवलेली मेख अर्ध्या पैशांची होती. दहातले सहा जण ७२,००० लिहितात कारण त्यांना वाटतं जेवढे पैसे दिले तेवढंच क्रेडिट. तसं नाहीये. क्रेडिट पूर्ण घेता येतं, फक्त बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत विक्रेत्याला पूर्ण पैसे (टॅक्ससकट) गेले पाहिजेत, नाही गेले तर राहिलेल्या पैशांच्या प्रमाणात क्रेडिट परत करायचं, व्याजासह, आणि नंतर पैसे दिले की पुन्हा घ्यायचं. म्हणजे माझ्या हिशोबाने बरोबर उत्तर १,४४,०००.

त्या दिवशी एक मुलगी आली होती, पहिलीच नोकरी. तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, "शून्य. शेवटचा लॉट आलेला नाही."

मी म्हटलं, अगं हे लॉटबिट कुठून आणलंस, प्रश्नात तर नाहीये. ती म्हणाली, "मॅडम, प्रश्नात नाही पण बिलावर आहे." आणि झेरॉक्सच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. तिथे विक्रेत्याचा गोल शिक्का, सही आणि 'प्रमाणित प्रत' असे शब्द, निम्मे काळ्या रेघेखाली गेलेले. त्याच्या बाजूला स्टेपलच्या पिनेचा डाग, आणि मागच्या कागदाची डिलिव्हरी चलनची एक ओळ झेरॉक्समध्ये अर्धवट उमटलेली, "लॉट २".

हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठं मशीन सुटं करून दोन-तीन गाड्यांतून पाठवायचं असेल तर जीएसटीचा नियम ५५(५) असा आहे की पहिली गाडी निघायच्या आधी पूर्ण बिल बनवायचं, पुढच्या प्रत्येक गाडीबरोबर त्या बिलाचा संदर्भ दिलेलं डिलिव्हरी चलन आणि बिलाची प्रमाणित प्रत पाठवायची, आणि बिलाची मूळ प्रत शेवटच्या गाडीबरोबर जाते. म्हणजे फाइलला मूळ बिल नसून शिक्क्याची प्रत असेल तर विचारायलाच हवं, शेवटची गाडी आली का? आणि कलम १६(२) च्या पहिल्याच परंतुकात स्पष्ट लिहिलंय की एका बिलाचा माल लॉटमध्ये येत असेल तर क्रेडिट शेवटचा लॉट मिळाल्यावरच. दोन गाड्या आल्या म्हणून दोन तृतीयांश घेता येत नाही. विक्रेत्याने तीन वेगळी बिलं केली असती तर गोष्ट वेगळी होती, प्रत्येक बिल आपापल्या गाडीबरोबर मोकळं झालं असतं.

मला त्या क्षणी घाम फुटला. कारण ते बिल सरावाचं नव्हतं, आमच्या चालू क्लायंटचं होतं आणि त्याचा मार्चचा थ्रीबी मीच २० एप्रिलला भरला होता, पूर्ण १,४४,००० घेऊन.

तिला चहा द्यायला सांगितलं आणि बाहेर येऊन क्लायंटच्या स्टोअरला फोन लावला. स्टोअरच्या काकांनी इनवर्ड रजिस्टर वाचून दाखवलं. कन्व्हेयरचा सांगाडा ३० मार्चला आला, मशीनची मुख्य बॉडी ४ एप्रिलला. "आणि कंट्रोल पॅनल?" तर म्हणाले, "ते कुठं आलंय मॅडम, आम्ही रोज फोन करतोय." तारीख १६ मे.

आता हे सुटलं कसं, यावर मी बराच विचार केलाय. आमचं सॉफ्टवेअर टूबी आणि खरेदीची वही जुळवतं, जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम. चारही जुळले की हिरवं. १ जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने बिल पोर्टलवर टाकल्याशिवाय क्रेडिट नाही ही अट आली आणि तेव्हापासून आमच्या धंद्यात सगळ्यांचं लक्ष या एका जुळवणीवर गेलं, महिन्याच्या १४ ला टूबी आली की २० पर्यंत फक्त हिरवं-लाल. पण टूबीला एवढंच माहीत असतं की विक्रेत्याने काय जाहीर केलं. माल तुमच्या दारात उतरला का हे पोर्टलला माहीत नाही आणि कधी असणारही नाही, ते फक्त स्टोअरच्या काकांच्या रजिस्टरमध्ये असतं आणि त्या रजिस्टरला आमच्यापैकी कोणी फोन करत नाही. क्लायंटच्या अकाउंटंटने खरेदीची एंट्री ईमेलला आलेल्या पीडीएफवरून मार्चमध्येच मारली होती, स्टोअरची पावती न बघता. ही सवय वाईट आहे आणि सर्रास आहे. आणि विक्रेत्यालाही मार्चएंडची विक्री दाखवायची घाई होतीच, नाहीतर पॅनल तयार नसताना २८ मार्चला बिल कोण फाडतं.

बरोबर पद्धत काय होती तर मार्चच्या थ्रीबीत हे क्रेडिट 4(A)(5) मध्ये दाखवायचं, तिथल्या तिथे 4(B)(2) मध्ये उलटवायचं, आणि शेवटची गाडी आली त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये परत घ्यायचं. किंवा ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस आलंय, विक्रेत्याचं बिल स्वीकारायची किंवा थांबवून ठेवायची सोय, त्यात ते बिल पेंडिंग ठेवलं असतं तर टूबीतच आलं नसतं. मी दोन्हीपैकी काही केलं नव्हतं.

मग व्याज काढायला बसले. इथे लोक सरसकट पूर्ण रकमेवर व्याज लावतात, ते चूक आहे. चुकीचं क्रेडिट घेतलं आणि वापरलं, तरच व्याज. आणि 'वापरलं' कसं ठरवायचं तर क्रेडिट लेजरची शिल्लक चुकीच्या रकमेच्या खाली गेली का ते बघायचं, जेवढी खाली गेली तेवढंच वापरलेलं. आयजीएसटी असल्यामुळे आयजीएसटी, सीजीएसटी आणि एसजीएसटी या तिन्ही खात्यांची शिल्लक एकत्र धरायची. २० एप्रिलला मार्चचा टॅक्स भरल्यावर लेजरमध्ये ९२,००० उरले होते. १,४४,००० मधून ९२,००० वजा, म्हणजे ५२,००० वापरले. मी एप्रिलच्या थ्रीबीत २० मेला उलटवणार होते, म्हणजे ३० दिवस, १८ टक्क्यांनी ७६९ रुपये. शिल्लक पूर्ण वेळ १,४४,००० च्या वर राहिली असती तर व्याज शून्य.

७६९ रुपये काहीच नाहीत. खरा फटका वेगळाच होता. एप्रिलचं क्रेडिट २,१०,००० होतं आणि टॅक्स २,१८,०००, जुनी शिल्लक धरली तर सगळं आरामात भागत होतं आणि ८४,००० उरत होते. पण १,४४,००० उलटवल्यावर ६०,००० कमी पडत होते आणि ते रोख भरायला लागणार होते, चार दिवसांत.

मालकांना फोन केला तेव्हा ते चिडले आणि मला त्यांचं चिडणं चूक वाटलं नाही. म्हणाले, "मॅडम, त्याने सरकारला पूर्ण टॅक्स भरलाय ना? तुम्हीच सांगितलं पोर्टलवर दिसतंय. कन्व्हेयर तर आम्ही वापरायला घेतलाय. मग सरकारकडे पैसे पोचले, माल निम्म्याहून जास्त आला, आणि क्रेडिट शून्य?" मी त्यांना सांगितलं की कायदा बिलाकडे एक व्यवहार म्हणून बघतो, मशीन पूर्ण मिळालं तर बिल पूर्ण झालं. ते समजले पण पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटलेलं नाही. बिलावर तिन्ही भागांच्या किमती वेगळ्या लिहिलेल्या होत्या, त्या प्रमाणात क्रेडिट देता आलं असतं. पण परंतुकात तशी जागा नाही, त्यामुळे मी दिलं नाही.

मग ते म्हणाले, "ठीक आहे, पॅनल येईपर्यंत मीही बाकीचे पैसे देत नाही." इथे मी त्यांना थांबवलं. क्रेडिट शेवटच्या गाडीसाठी थांबतं पण १८० दिवस कोणासाठी थांबत नाहीत, ते बिलाच्या तारखेपासून मोजायचे, माल कधी आला याच्याशी संबंध नाही. २८ मार्चपासून १८० दिवस म्हणजे २४ सप्टेंबर. पॅनल ऑगस्टमध्ये आलं आणि पैशांची भांडणं दिवाळीपर्यंत चालली तर आज उलटवलेलं क्रेडिट परत घेऊन निम्मं पुन्हा उलटवायची वेळ यायची. शिवाय बिल २८ मार्चचं, म्हणजे २०२४-२५ चं, त्यामुळे क्रेडिटची शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०२५. तेच बिल चार दिवसांनी १ एप्रिलला फाडलं असतं तर पूर्ण एक वर्ष जास्त मिळालं असतं. दोन्ही तारखा त्यांच्या अकाउंटंटच्या भिंतीवर लिहून लावायला सांगितल्या.

२० मेला उलटवलं, ६०,००० रोख भरले, व्याजाचे ७६९ थ्रीबीच्या 5.1 मध्ये हाताने टाकले, कारण ते पोर्टल स्वतःहून दाखवत नाही. माझ्या फीमधून व्याज वळतं करा म्हटलं, मालकांनी नको सांगितलं.

त्या मुलीला घेतलं हे वेगळं सांगायला नको.

कंट्रोल पॅनल ६ जूनला आलं आणि ड्रायव्हरच्या पाकिटात बिलाची मूळ प्रत होती. मी खूश, जूनच्या रिटर्नमध्ये परत घ्यायचं. तेवढ्यात स्टोअरच्या काकांचा फोन, या वेळी त्यांनी स्वतःहून केला, "मॅडम, पॅकिंग लिस्टप्रमाणे सेन्सरचा एक बॉक्स कमी आहे, पावती फाडू का?" सेन्सरशिवाय मशीन चालत नाही. आता शेवटचा लॉट आला म्हणायचा का नाही? गाडी शेवटचीच, मूळ बिल हातात, पण माल पूर्ण नाही. आम्ही दोघी त्यावर अर्धा दिवस बोललो. ती म्हणत होती आलेला नाही, मी म्हणत होते की लॉट आला, त्यात कमतरता निघाली, ती क्रेडिट नोटने सुटेल. काकांना सांगितलं की पावती फाडा, पण कमी काय ते त्यावर लिहा.

बॉक्स १९ जूनला कुरिअरने आला. महिना तोच असल्यामुळे दोघींचं उत्तर एकच झालं, आणि जूनच्या थ्रीबीत 4(A)(5) ला १,४४,००० परत घेतले, उलटवून परत घेतलेल्या क्रेडिटच्या 4(D)(1) मध्येही दाखवले. तो बॉक्स जुलैत आला असता तर मी कोणाचं ऐकलं असतं, माझं का तिचं, हे अजून ठरत नाहीये.