मोजणं आधी कुठे सोडायचं?

“वजन हवं तेवढं उतरलं, पण ॲपमध्ये जेवण लिहिणं थांबवायची भीती वाटते. तुम्ही ते कसं सोडलंत? आता भूक सांगेल तेवढंच खाल्लं तर चालेल का?”

सुरुवातीला तरी नाही चालणार. वजन उतरल्यावर पोट भरल्याची खबर देणारं लेप्टिन कमी झालेलं असतं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन वाढलेलं असतं. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवलं की हा बदल वर्षभरानंतरही पुरता ओसरत नाही. शिवाय लहान झालेल्या शरीराला लागतंही कमी. म्हणजे भूक जास्त आणि गरज कमी. म्हणून मी आकडे सोडले, तेव्हा भुकेवर न विसंबता भांड्यांवर विसंबले.

त्याआधी एक पायरी लागते आणि बहुतेक जण ती गाळतात. डाएटवर मी १५०० कॅलरी खात होते. ६६ किलोवर टिकायला मला साधारण १८५० लागतात. ही वाढ लिहीत असतानाच करायची. मी दुपारी एक पोळी वाढवली, संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि रात्री वाटीभर भात. पहिल्याच आठवड्यात काटा किलोभर वर गेला. ती चरबी नव्हे. पोळीभात वाढला की शरीर ग्लायकोजेन साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. किलोभर चरबी वाढायला गरजेपेक्षा सुमारे ७७०० कॅलरी जास्त जायला हव्यात, आणि रोजच्या साडेतीनशेंनी तेवढ्या आठवड्यात होत नाहीत, त्यातून इथे त्या गरजेपुरत्याच होत्या. इथे घाबरून लोक पुन्हा १५००वर जातात आणि मग सुटका होतच नाही.

वजन थांबलं की एकेक जेवण मोकळं करायचं. मी दुपारपासून सुरुवात केली, कारण हिंजवडीच्या ऑफिसात डबा एकदा संपला की संपला, वाढून घ्यायला काही उरत नाही. ३० ग्रॅम कणकेची पोळी केवढी दिसते, दीडशे मिलीची वाटी आमटीने कुठपर्यंत भरते, हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर नीट पाहून ठेवलं आणि काटा वर फळीवर गेला. आता डब्यात दोन पोळ्या, वाटीभर उसळ, वाटीभर भाजी, काकडी. यात आकडा लिहून नवं काय कळणार?

रात्रीचं जेवण सगळ्यात शेवटी. आपल्याकडे ताटातलं प्रमाण वाढणारा माणूस ठरवतो, आणि सासूबाईंचा हात सढळ. पोळीवर मी सहज थांबते, घसरते ती मागच्या भातावर. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात. मागचा भात त्याच्या आत येतो. म्हणून ताकभाताची छोटी वाटी सुरुवातीलाच ताटाशेजारी घेते. भात चुकत नाही आणि ‘घे गं अजून’ला जागाही उरत नाही.

डोळ्यांना अजिबात न कळणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे तेल आणि दाण्याचं कूट. चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी घ्या. एका बशीत ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा धरला तर त्याच्या दोनशेच्या आसपास कॅलरी होतात. २५ ग्रॅम कुटाच्या १४०, अडीच चमचे तुपाच्या शंभरएक. निम्म्याहून जास्त कॅलरी कूट आणि तुपात, आणि बशीत दिसतो फक्त साबुदाणा. कूट सढळ पडलं तरी बशी तेवढीच दिसते. त्यामुळे फोडणीचं तेल आणि कूट मी आजही चमच्यानेच घालते. तेलाचा हिशोब महिन्यावरही कळतो: आमच्या तिघांत दीड लिटर. पिशवी विसाव्या दिवशीच संपली, तर कुणाचा तरी हात सैल झालाय, बहुधा माझाच.

आणि वजनाचा काटा? तो ठेवलाय. रोज सकाळी आकडा लिहिते, पण बघते आठवड्याची सरासरी. रविवारी मिसळ झाली की सोमवारी मिठाचं पाणी दिसतंच. त्यावरून काही ठरवत नाही. सरासरी सलग दोन आठवडे ६७.५च्या वर राहिली, तर फक्त रात्रीचं जेवण आठवडाभर लिहून काढायचं, एवढाच नियम. गणपतीनंतर तो वापरावा लागला होता. गळती मोदकांत नव्हती, ते मोजकेच खाल्ले होते. आरतीनंतर हातावर पडणारी खिरापत आणि पेढे मी कधी खाण्यात धरलेच नव्हते.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र कर्बोदकं मोजणं असं आपल्या मनाने सोडू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं. आणि न लिहिलेल्या घासाने ज्यांना रात्रभर चैन पडत नाही, त्यांना वाटीचमच्यापेक्षा समुपदेशकाची गरज आहे. अशी माझी एक मैत्रीण आहे. तिला मी यातलं काहीच सुचवलं नाही.